नोकरी चालू, शोध गुपचूप : मालकाला न सांगता दुसरी नोकरी बघताना मनाचं ओझं कसं सांभाळायचं

या विषयावरच्या व्हिडिओत हिशोबाचा भाग घाईत उरकावा लागला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. हा लेख दुकानात, एजन्सीत, छोट्या फर्ममध्ये कामाला असलेल्यांसाठी आहे. मी स्वतः दुकान चालवतो, माझ्याकडे माणसं कामाला आहेत. म्हणजे हा लेख काउंटरच्या दोन्ही बाजूंनी वाचला जाणार हे मला माहीत आहे. माझ्या दुकानातली पोरंही वाचतील. वाचू देत.

पुण्या-मुंबईत नोकरी बदलणं आणि बारामती-इंदापुरात बदलणं, यात मोठा फरक आहे. तिकडे मॅनेजर म्हणजे फक्त मॅनेजर. इकडे मालक तुमच्या चुलत्याचा वर्गमित्र असतो, तुमच्या लग्नात आहेर घेऊन आलेला असतो, आईच्या दवाखान्याला त्यानं उचल दिलेली असते. तुम्ही त्याला ‘दादा’ नाहीतर ‘शेठ’ म्हणता, वहिनींच्या हातचा चहा पिता. अशा माणसाच्या काउंटरवर उभं राहून खिशातल्या मोबाईलवर दुसऱ्या कंपनीचा फोन वाजला की पोटात गोळा येतो. ‘ज्याचं मीठ खाल्लं...’ हे वाक्य डोक्यात पूर्णसुद्धा होत नाही, घाम आधी फुटतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण बांधतो. माणूस खरा नाही, पण असे तुम्हाला दहा भेटतील. इंदापुरातलं खतं-बियाण्यांचं दुकान. सत्तावीस वर्षांचा मुलगा, बी.कॉम., सहा वर्षं तिथेच. टॅली तोच बघतो, शेतकऱ्यांची उधारी त्यालाच पाठ. पगार 18,000, पूर्ण हातात. बहिणीच्या लग्नात मालकाने 40,000 उचल दिली होती, त्यातले 25,000 अजून फिटायचे आहेत. आता बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरला जागा निघाली आहे आणि मित्राने सांगितलंय, ‘तेवीस हजार देतात, ये.’

ओझं नेमकं कशाचं असतं

आधी तणावाचं बघू, कारण तो झोप खातो. आपल्याला वाटतं की त्रास लपवण्याचा आहे, म्हणजे मालकासमोर चेहरा सरळ ठेवण्याचा. कोलंबिया विद्यापीठातले मायकेल स्लेपियन आणि त्यांचे सहकारी यांनी 2017 साली गुपितांवर जे संशोधन छापलं, त्यात वेगळं दिसलं. गुपित समोरच्यापासून प्रत्यक्ष लपवायची वेळ माणसावर तुलनेनं कमी येते. त्याहून कितीतरी जास्त वेळा माणूस एकटा असताना मन आपोआप त्या गुपिताकडे जातं. आणि माणसाच्या स्वास्थ्याशी जास्त संबंध या मनात फिरत राहण्याचाच दिसला.

दुकानात हे कसं दिसतं ते सांगतो. गिऱ्हाईक युरियाच्या चार गोण्या मागतं आणि पोरगं बिलात तीन टाकतं. बिल करताना ते मालकापासून काहीच लपवत नसतं, फक्त ‘त्या एचआरचा फोन अजून का नाही आला’ हे डोक्यात फिरत असतं. मालक म्हणून मला तरी माणूस बाहेर बघतोय हे त्याच्या रजांवरून कळत नाही. स्टॉकच्या वहीतल्या चुकांवरून आणि दर दहा मिनिटांनी मोबाईल उलटा करून बघण्यावरून कळतं.

म्हणून उपाय चेहऱ्यावर करायचा नाही, फिरत्या मनावर करायचा. शोधाला ठरावीक वेळ द्या. उदाहरणार्थ रोज रात्री जेवणानंतर पाऊण तास. जाहिराती बघणं, बायोडेटा पाठवणं, मेल वाचणं सगळं तेवढ्याच वेळात. कंपनीचा फोन दुकानात आला तर उचलून कुजबुजायचं नाही. ‘सध्या कामावर आहे, संध्याकाळी साडेआठनंतर बोलू का?’ असा मेसेज करायचा. भरती करणाऱ्यांना याची सवय असते, कामावर असलेला माणूस कामाच्या वेळेत बोलत नाही हे त्यांनाही बरंच वाटतं. दुसरं, एका माणसाला सांगा. एकालाच. बायको, मोठा भाऊ, नाहीतर पुण्याला असलेला मित्र. तो दुकानातला नको, मालकाच्या ओळखीतला नको. गुपित एकट्याने वाहिलं की ते जास्त फिरतं.

अपराधीपणाचे हिशोब वेगळे करा

इथे थोडा वेळ थांबू, कारण सगळी गडबड इथे होते. आपल्या मनात ‘मी मालकाला फसवतोय’ असा एकच गोळा असतो. दुकानाचा हिशोब कसा करतो? उधारी वेगळी, रोख वेगळी, माल वेगळा. तसं इथेही वेगळं करा.

एक खातं आहे, जे तुम्ही खरंच देणं लागता. कामाच्या वेळेतलं काम, गल्ल्याचा आणि मालाचा चोख हिशोब, गिऱ्हाइकांची यादी बाहेर न नेणं, आणि जायच्या आधी ठरलेली नोटीस. आपल्या उदाहरणातल्या मुलाने जर दुकानाच्या प्रिंटरवर बायोडेटा छापला, दुपारी दोन तास जाहिराती बघितल्या, किंवा उधारीची यादी मोबाईलमध्ये घेतली, तर त्याला वाटणारा अपराध खरा आहे. तो समजूत घालून जाणार नाही. ते करणं थांबवलं की जातो.

दुसरं खातं उचलीचं. 25,000 ही रक्कम आहे. रकमेला आकडा असतो, तारीख असते, ती फेडता येते. आमच्याकडे उचल ही नकळत साखळी होते. मालक मुद्दाम करतो असं नाही, पण घेणाऱ्याच्या मनात ती ‘उपकार’ होऊन बसते आणि उपकाराला शेवटचा हप्ता नसतो. म्हणून शोध सुरू करायच्या आधीच उरलेली उचल कशी द्यायची ते वहीत लिहून काढा. पगारातून महिना 5,000 कापून घेतले तर पाच महिन्यांत फिटते. घाई असेल तर शेवटच्या पगारातून काही आणि उरलेले नव्या पगारातून, तारखा लिहून. हे कागदावर आलं की मालकासमोर उभं राहताना पाय थरथरत नाहीत.

तिसरं खातं मात्र रिकामं आहे, आणि लोक त्याच्यातच सगळ्यात जास्त भरतात. ‘मी दुसरीकडे बघतोय हे मी दादांना आधी सांगायला हवं होतं.’ नाही. विचार करणं, अर्ज करणं, मुलाखत देणं हे काही ठरेपर्यंत तुमचं खासगी आहे. मी मालक म्हणून सांगतो, मला एखाद्याच्या जागी दुसरा माणूस घ्यायचा असेल तर मी पण त्याला आधी सांगत नाही. चौकशी करतो, दोघा-तिघांना बघतो, मग बोलतो. मालकाने केलं तर धंद्याचं नियोजन आणि कामगाराने केलं तर गद्दारी, असं नसतं.

गुप्त ठेवणं आणि खोटं बोलणं यातही फरक आहे, आणि गावात तर तो फार महाग पडतो. मुलाखतीसाठी अर्धा दिवस रजा हवी. पोरं काय सांगतात? आजी ॲडमिट आहे. मग दादा संध्याकाळी सफरचंदं घेऊन दवाखान्यात जातात! आमच्याकडे माणसं जातात हो, हे शहर नाही. त्यापेक्षा ‘दादा, उद्या दुपारपर्यंत वैयक्तिक काम आहे, बारामतीला जाऊन येतो’ एवढंच सांगा. प्रत्येक शब्द खरा आहे. पुढे विचारलं तर ‘झालं की सांगतो.’ एक खोटं लपवायला पुढची चार लागतात आणि मनात फिरणारी गोष्ट मग एक राहत नाही, पाच होतात.

आणि दादांनी सरळच विचारलं तर? ‘काय रे, बाहेर बघतोयस म्हणे?’ तेव्हा नाही म्हणू नका. ‘हो दादा, बघतोय. अजून ठरलं काहीच नाही. ठरलं तर आधी तुम्हालाच सांगेन आणि सगळं काम सोपवूनच जाईन.’ हे वाक्य आरशासमोर दोनदा म्हणून ठेवा. यात धोका आहे, नाही असं नाही. काही मालक त्या दिवसापासून गल्ल्याची चावी काढून घेतात, काही ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणतात. म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी दोन महिन्यांचा घरखर्च बाजूला असलेला बरा. तो नसेल तर शोध थांबवू नका, पण मग कोणालाच कळू न देण्याची काळजी जास्त घ्यावी लागेल.

बातमी फुटते कुठून

बहुतेक वेळा मालकाला कोणी चुगली करत नाही, आपणच फोडतो. ज्या झेरॉक्सच्या दुकानात दुकानाची बिलबुकं छापतात तिथेच बायोडेटा टाईप करायला दिला जातो. लिंक्डइनवर `Open to work` लावताना `Recruiters only` हा पर्याय न निवडता हिरवी पट्टी सगळ्यांना दिसेल अशी ठेवली जाते. आणि तो पर्याय निवडला तरी पूर्ण गुप्ततेची हमी लिंक्डइन स्वतः देत नाही, हे लक्षात ठेवा. नोकरीच्या संकेतस्थळांवर आपल्या सध्याच्या कंपनीला प्रोफाइल दिसू नये अशी सोय असते, ती आधी शोधून चालू करा.

सगळ्यात मोठी गळती मात्र ‘रेफरन्स’ची. अर्जात सध्याच्या मालकाचा नंबर मागतात आणि आपण भोळेपणाने लिहून मोकळे होतो. तिथे आधीच्या ठिकाणच्या माणसाचा, नाहीतर कॉलेजच्या सरांचा नंबर द्या, त्यांना विचारून. आणि कंपनीला स्पष्ट लिहा : ‘सध्याच्या मालकांकडे चौकशी कृपया ऑफर लेटर दिल्यानंतरच करावी.’ ही नेहमीची विनंती आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुलाखतीला तोंडीही सांगा, कारण अर्ज एक माणूस वाचतो आणि फोन दुसरा करतो.

गुपितामुळे हिशोब चुकतो

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो तो भाग. गुपचूप शोधणारा माणूस कोणाला काही विचारू शकत नाही. दुकानातल्या सिनियरला नाही, सीए साहेबांना नाही, कारण ते मालकाचेही सीए असतात. आणि त्याला यातून लवकर सुटायचं असतं. म्हणून पहिला आकडा ऐकला की तो हो म्हणतो. तेवीस हजाराचं काय होतं ते बघा.

कंपनीने सांगितलेले 23,000 बहुतेक वेळा सीटीसी असतात, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. समजा त्यात बेसिक 15,000 धरलंय. कंपनीचा पीएफचा हिस्सा 12 टक्के, म्हणजे 1,800, त्यातच मोजलेला. ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण 720, तीही त्यातच. ईएसआयसीचा कंपनीचा हिस्सा साडेसहाशेच्या आसपास. राहिला पगार सुमारे 19,800. त्यातून तुमचा पीएफ 1,800, ईएसआयसीचे दीडशे आणि व्यवसाय कर 200 कापला. हातात येतात साधारण 17,650. दुकानात हातात येत होते 18,000.

म्हणजे तेवीसचे साडेसतरा झाले. पण थांबा, हे नुकसानच आहे असं नाही. दुकानात माणसं कमी म्हणून पीएफ नव्हता, इथे दोन्ही हिस्से मिळून महिना 3,600 तुमच्या नावावर पीएफ आणि पेन्शनच्या खात्यात जमा होतात, ईएसआयसीमुळे घरच्यांच्या दवाखान्याचा आधार मिळतो. फक्त ते आज हातात नाहीत. आणि वहीत तर आपण उचलीचा हप्ता मांडून ठेवलाय.

आता प्रवास. इंदापूर ते बारामती पन्नासेक किलोमीटर. जाऊन-येऊन शंभर. महिन्याचे 26 दिवस धरले तर 2,600 किलोमीटर. गाडी लिटरला 50 देत असेल तर 52 लिटर पेट्रोल, लिटरला 105 रुपये धरले तर 5,460 रुपये. गाडीची झीज आणि रात्रपाळीला त्या रस्त्याने येणं वेगळंच. हातात उरले बारा हजार दोनशे. अपराधी वाटत वाटत, झोप घालवत, सहा वर्षांचं नातं ताणून हा मुलगा महिना सहा हजार कमी घ्यायला निघाला होता.

तो जाऊ नये असं मी म्हणत नाही. त्याने मुलाखतीत तीन प्रश्न विचारावेत एवढंच : हातात किती येणार, इंदापूर मार्गावर कंपनीची बस आहे का, आणि ओव्हरटाईम किती व कोणत्या दराने. बस असेल तर सगळं गणित बदलतं. बारामतीत दोघा-तिघांत खोली घेऊन राहिला तरी बदलतं. एसटीचा पासही बघावा, पण शिफ्टच्या वेळेला गाडी मिळते का ते आधी स्टँडवर जाऊन विचारावं. आणि शोध सुरू करतानाच एक आकडा वहीत लिहून ठेवावा : प्रवास वजा जाता हातात एवढे येणार असतील तरच जाईन. हा आकडा असला की प्रत्येक फोनला छाती धडधडत नाही. निम्म्या ठिकाणी तिथल्या तिथे ‘नको, धन्यवाद’ म्हणता येतं.

मोठ्या फर्ममध्ये असणाऱ्यांनी अजून एक तारीख बघावी. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी कायम कामगाराला सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी लागते. बेसिक आणि डीए मिळून 15,600 असेल तर वर्षाला 15 दिवसांच्या हिशोबाने 9,000 होतात, पाच वर्षांचे 45,000. चार वर्षं आठ महिन्यांवर अपराधीपणाला कंटाळून राजीनामा टाकणारे मी पाहिलेत. चार महिने थांबणं जमत असेल तर थांबा.

सांगायची वेळ

क्रम चुकवू नका. तोंडी ‘तुमचं सिलेक्शन झालं’ यावर राजीनामा द्यायचा नाही. ऑफर लेटर हातात, त्यावर पगाराची फोड आणि रुजू व्हायची तारीख, आणि ती तारीख तुमच्या नोटीसनंतरची. मग मालक. दुकानातल्या कोणालाही सांगण्याआधी मालक. बाकीच्यांना आधी कळलं तर मालकाला जाण्यापेक्षा तेच जास्त लागतं, हे मी अनुभवाने सांगतो. मला एकदा माझ्याच मुलाच्या जाण्याची बातमी चहावाल्याकडून कळली होती.

वेळही बघा. खताच्या दुकानात जून-जुलैत, पेरणीच्या गर्दीत, भर काउंटरवर सांगू नका. दुकान बंद करताना, शटर अर्धं ओढल्यावर, दोघंच असताना. लांबण लावू नका : ‘दादा, बारामतीला नोकरी मिळाली आहे. एक तारखेला रुजू व्हायचंय. तोपर्यंतचा महिना पूर्ण काम करतो. उचलीचे 25,000 राहिलेत, ते असे देतो.’ आणि कागद पुढे ठेवा. कागदावर दुसऱ्या बाजूला सोपवायच्या कामांची यादी : कोणत्या शेतकऱ्याकडे किती उधारी आणि कधी देतो म्हणालाय, टॅलीचा बॅकअप कुठे, कोणत्या कंपनीचा माल परत जायचाय, महिन्याची जीएसटीची विवरणपत्रं कोणत्या तारखांना. मासिक भरणाऱ्यांची पहिली 11 तारखेला आणि दुसरी 20 तारखेला असते, तर त्या महिन्याची दोन्ही भरूनच निघा.

दादा चिडतील, कदाचित गप्प बसतील. काही जण लगेच ‘दोन हजार वाढवतो, राहा’ म्हणतात. तिथल्या तिथे उत्तर देऊ नका, एक रात्र घ्या. वहीतला आकडा काढा. आपल्या उदाहरणात इंदापुरातले वीस हजार हे बारामतीच्या त्या तेवीसपेक्षा हातात जास्त आहेत, मग पीएफ, शिकायला मिळणारं काम आणि पुढची वाढ याला तुम्ही किती किंमत देता त्यावर ठरवा.

कधी कधी मालक रागाच्या भरात म्हणतो, ‘या लाईनमध्ये कुठेच काम करू देणार नाही, तू सही केलीयस.’ भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 नुसार माणसाला नोकरी सोडल्यावर त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारी अट रद्दबातल ठरते. बाँडचं मात्र तसं नाही. ठरावीक वर्षं काम न केल्यास रक्कम भरायची, अशी अट वाजवी असेल तर कोर्ट मान्य करू शकतं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्याबद्दल दोन लाखांची अट वैध धरली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च मोठा होता, त्यामुळे प्रत्येक छोट्या दुकानाच्या बाँडला तोच न्याय लागेल असं नाही. पण अर्ज करण्याआधी स्वतःचं नेमणूकपत्र काढून एकदा वाचा. नोटीस किती दिवसांची लिहिलीय तेही तिथेच सापडेल.

निघताना अनुभवाचं पत्र आणि मूळ कागदपत्रं मागून घ्या, आधी कुठे पीएफ असेल तर जुनाच युएएन नव्या कंपनीला द्या, दुसरा काढू नका. आणि उचलीचा शेवटचा हप्ता दिलात की मालकाच्या वहीत तुमच्या नावापुढे ‘पूर्ण’ असं लिहून त्यावर दोघांची सही घ्या, मोबाईलवर फोटो काढून ठेवा.